सोमवारपासून गाडी २० मिनिटं लवकर

नमस्कार मंडळी 🙏
उद्या सोमवार ते शुक्रवार गाडी ७:५० ऐवजी सकाळी *७:३०* ला सुटेल. स्नेहाताईंचं ट्रेनिंग या आठवडाभर ८:४५ ला सुरू होतंय, आणि राधा चौक ८ च्या आत ओलांडला नाही तर वाकडपर्यंत रांगेतच जातं.

वनाज मेट्रो स्टेशन ७:३०
कोथरूड डेपो ७:३५
बावधन ७:४५
बाणेर, राधा चौक ७:५५
हिंजवडी फेज १ साधारण ८:३०

बावधनकरांनो, कृपया सर्व्हिस रोडवरच डाव्या हाताला उभे राहा. हायवेवर गाडी थांबवता येत नाही आणि एकदा पुढे गेली की मागे वळायला फार लांब पडतं. प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटं नक्की थांबू, त्यापुढे नाही. पुढचे लोक रस्त्यात ताटकळतात. उशीर होणार असेल तर मेसेज नको, थेट फोन करा, गाडी चालवताना मेसेज बघता येत नाही.

उद्या कोण येतंय ते आज रात्री १० पर्यंत इथेच सांगा. बावधनचं कोणी नसेल तर सर्व्हिस रोडला उतरणार नाही.

परतीची वेळ तीच, ६:१५. पेट्रोलचा वाटाही तोच. ही वेळ कुणाला अजिबात जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मार्ग काढू.