दंडाच्या आदेशाविरुद्ध अपील

दि. ९ मार्च २०२६

प्रति,
मा. अपील प्राधिकारी, वस्तू व सेवा कर

विषय: विवरणपत्र उशिरा भरल्याबद्दलच्या दि. १२ जानेवारी २०२६ च्या दंड आदेशाविरुद्ध कलम १०७ खाली अपील.

महोदय,

लातूर जिल्ह्यात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. ऑगस्ट २०२५ चे जीएसटीआर-३बी २० सप्टेंबरपर्यंत भरायचे होते. ते १८ ऑक्टोबरला भरले गेले. मधल्या काळात ओढ्याचे पाणी दुकानात शिरले. संगणक, बिलबुके, खतावणी सगळे भिजले. पुरवठादारांकडून बिलांच्या प्रती मागवून हिशेब पुन्हा उभा करावा लागला. पंचनाम्याची प्रत व फोटो सोबत आहेत.

२८ दिवसांचे १,४०० रुपये विलंब शुल्क, पूर्ण कर आणि व्याज मी नोटीस येण्याआधीच भरले. तरीही कलम १२५ खाली केंद्र व राज्य मिळून २०,००० रुपये दंड लावला आहे. ज्या उल्लंघनासाठी वेगळी तरतूद नाही, त्यासाठी हे कलम आहे. इथे कलम ४७ ची आकारणी झालेलीच आहे. एकाच उशिराची वसुली दोनदा कशासाठी? शिवाय दंड उल्लंघनाच्या गांभीर्याशी सुसंगत असावा, असे कलम १२६ सांगते. लेखी मागूनही मला सुनावणी मिळाली नाही आणि पंचनाम्याचा आदेशात उल्लेखही नाही.

दंडाच्या १० टक्के, म्हणजे २,००० रुपये, भरल्याचे चलन जोडले आहे. आदेश रद्द करावा, निकालापर्यंत वसुली थांबवावी व प्रत्यक्ष सुनावणी द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
अपीलकर्ता व दुकानमालक