लाडूकडून बी विंगच्या सगळ्या पिल्लांना शुभ दिवाळी!

भौ भौ भौ! म्हणजे हॅपी दिवाळी! मी लाडू, दुसरा मजला, जिन्यापाशी पायपुसण्यावर पसरलेला असतो तोच. टाईप सई करतेय, माझा पंजा ठेवला की एकदम पाच अक्षरं उमटतात आणि काल चुकून ओमच्या बाबांना व्हिडिओ कॉल लागला, सॉरी काका.

तर आज पहाटे साडेचारला सगळं घर उठलं, आणि मला वाटलं व्वा, आज इतक्या लवकर फिरायला! पट्टा तोंडात घेऊन दारात उभा राहिलो तर हे सगळे तेल आणि उटणं लावून पाटावर बसलेले. मग सईच्या बाबांनी दारात ते छोटं हिरवं कारीट ठेवलं आणि पायाने फोडलं, मला वाटलं माझा नवीन बॉल आहे, म्हणून उचलून पळालो. दोस्तांनो, जगात इतकं कडू काही असतं हे मला माहीतच नव्हतं!! अर्धा तास जीभ बाहेर काढून बसलो होतो. नरकासुर तो नक्की हाच.

आणि हा आठवडा माझ्यासाठी फार धावपळीचा गेला कारण आजी स्वयंपाकघरातून सारखी ओरडत होती "लाडू झाले का?", "लाडू वळायला या गं", "लाडू डब्यात भरा". प्रत्येक वेळी मी हजर! डब्यात भरा म्हटल्यावर मात्र मी सरळ सोफ्याखाली गेलो, शेपूट बाहेर राहिली ती गोष्ट वेगळी.

किल्ल्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. पार्किंगमधला आपला राजगड या वर्षी एक नंबर झालाय. तिन्ही माच्या बरोब्बर, बालेकिल्ला उंच, आणि अळीव पण मस्त उगवलेत. मुक्ता, संजीवनी माची मोडली ती मीच, कबीरच्या मांजराचं नाव घेऊ नका. गोणपाटावरची ती ओली लाल माती इतकी गार होती ना, दुपारी जरा पाठ टेकवली आणि उठलो तेव्हा चार मावळे माझ्या पोटाला चिकटून वर आले होते. तीन परत दिले. चौथा कुठाय ते मला माहितीये पण तिथे माझं हाडूकपण पुरलंय, त्यामुळे मी एकटाच जाऊन आणतो.

सईच्या दादाने सांगितलं की नेपाळमध्ये तिहार म्हणून सण असतो, त्यातला दुसरा दिवस खास कुत्र्यांचा, कुकुर तिहार. कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि पोटभर खाऊ, अगदी रस्त्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा! हे ऐकून मी आपल्या दाराच्या तोरणातली एक माळ स्वतःच घालून घेतली. आजी आधी रागावली, मग टिळा लावला. गेटवरच्या काळूला आणि तिच्या दोन पिल्लांनापण लावायचाय, संध्याकाळी पाच वाजता खाली या, पोळी घेऊन या.

पण चॉकलेट नको हं, आणि मनुके तर अजिबात नको, आमच्यासाठी ते विष असतं, डॉक्टरकाका स्वतः बोललेत. बेसनाच्या लाडवावर मधोमध मनुका असतो म्हणून माझ्याच नावाचा लाडू मला मिळत नाही, यावर मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपलो. चकलीचा साधा बारका तुकडा चालतो असं माझं मत आहे, सई म्हणते नाही चालत.

आता फटाके. फुलबाजी, भुईचक्र, पाऊस, मी गॅलरीतून बघतो, छान दिसतात. पण ती सुतळी बॉम्बवाली लड लागली ना की माझ्या कानात फुटते, तुम्हाला ऐकू येत नाही तेसुद्धा मला ऐकू येतं रे, पाय थरथरतात आणि मग मला कळतच नाही मी कुठेय. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी पलंगाखाली रात्रभर होतो आणि सई अभ्यासाची उशी घेऊन माझ्याशेजारी खाली फरशीवर झोपली, नवीन फ्रॉक घालूनच. म्हणून प्लीज, मोठे आवाजवाले आपल्या बिल्डिंगपाशी नको, आणि कोणाच्या शेपटीला तर कधीच काही बांधू नका. काळूची पिल्लं अजून खूप लहान आहेत, त्यांना वाटतं आभाळच पडलं. संध्याकाळी त्यांना आपल्या जिन्याखाली घ्यायचं, जुनी चादर मी माझी देतो, वास माझा आहे पण ऊब आहे.

आणि भाऊबीजेला विसरू नका, तो तर नावावरूनच माझा सण आहे, भौबीज! सई मला ओवाळणार आहे. ओवाळणी म्हणून मी तिला माझा पिवळा बॉल देणार, तोच, जो मी कोणालाच देत नाही. थोडा ओला आहे.