व्हॅल्प्रोएट आणि दिवस राहणं: ओपीडीत बोलायचं काय, केसपेपरवर लिहायचं काय

आपल्या विभागातल्या निवासी डॉक्टरांसाठी आणि समुपदेशकांसाठी

काही वर्षांपूर्वी एक बाई तीन दिवसांचं बाळ घेऊन आली होती. बाळाच्या कमरेवर पातळ कातडीची, पाण्याने भरलेली गाठ होती आणि पाय हलत नव्हते. तिची जुनी फाईल मी काढली. सहा वर्षं सोडियम व्हॅल्प्रोएट चालू होतं. सहा वर्षांत एकाही पानावर गरोदरपणाचा शब्द नव्हता. त्यातली दोन पानं माझ्या अक्षरातली होती. तेव्हापासून पाळी सुरू असलेल्या कुठल्याही मुलीशी किंवा बाईशी हे बोलल्याशिवाय मी या गोळीची चिठ्ठी लिहीत नाही. तुम्हीही लिहू नये.

इंग्लंडमध्ये 2018 पासून या औषधासाठी गर्भधारणा टाळण्याचा सक्तीचा कार्यक्रम आहे. जानेवारी 2024 पासून तर 55 वर्षांखालच्या कुणालाही ते नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे मान्य करावं लागतं की दुसरा योग्य पर्याय नाही. आपल्या ओपीडीत तशी कुठलीच अडवणूक नाही. आपलं बोलणं आणि आपली नोंद एवढंच मधे उभं असतं.

डायव्हालप्रोएक्स, व्हॅल्प्रोइक ॲसिड, सोडियम व्हॅल्प्रोएट ही नावं वेगळी, बाळाला धोका तोच. रुग्ण सांगते, "मला ती जुनी गोळी बदलून दिली," आणि चिठ्ठीवर नुसतं नाव बदललेलं असतं. पाकीट मागून स्वतः वाचा.

आता 9 जुलै 2025 च्या ओपीडीतली केस घेऊ. वय 24, लग्नाला चौदा महिने, बायपोलर टाइप 1. सोबत नवरा आणि सासू. सासूला "झोपेची गोळी चालू आहे" एवढंच माहीत. म्हणून पहिलं वाक्य सासूबाईंसाठी: "मावशी, तपासणी करायची आहे, जरा बाहेर बसाल का?" मग नवऱ्याकडे न बघता तिलाच विचारायचं, "यांच्यासमोर बोललेलं चालेल?" ती हो म्हणाली तरच तो थांबतो. आजाराची माहिती कुणाला द्यायची हे ती ठरवते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 तेच सांगतो.

त्यानंतर मी जे बोललो ते जवळपास शब्दशः असं:

"या गोळीने तुम्हाला अडीच वर्षं सावरलंय, हे खरं. पण तिच्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत असायलाच हवी. कुठलंच औषध न घेणाऱ्या शंभर बायकांची बाळं बघितली तर दोन-तीन बाळांना जन्मापासून मोठं व्यंग असतं. ही गोळी घेताना दिवस राहिले तर शंभरांत साधारण अकरा बाळांना. मणका उघडा राहणं, हृदयाला भोक, टाळू दुभंगलेली, असं. शिवाय शंभरांतल्या तीस ते चाळीस मुलांना बोलायला-चालायला उशीर, शाळेत मागे पडणं किंवा स्वमग्नता, यांपैकी काही ना काही त्रास होतो. तो सोनोग्राफीत दिसत नाही."

इथे थांबायचं. ती रडली तर रडू द्यायचं. घाईने "काळजी करू नका" म्हणायचं नाही, कारण काळजी करावी म्हणूनच आपण सांगतोय.

मग भिंतीवरचं कॅलेंडर. हे मी प्रत्येकीला करून दाखवतो, कारण आकड्यांपेक्षा तारखा डोक्यात राहतात. "तुमची पाळी 1 जुलैला आली. समजा या महिन्यात दिवस राहिले, तर साधारण 15 तारखेला. पुढची पाळी 29 ला यायला हवी, ती चुकेल. बाळाच्या मणक्याची नळी 12 ऑगस्टच्या आसपास बंद होऊन जाते. म्हणजे पाळी चुकल्यापासून दोन आठवडे. तुम्ही माझ्याकडे कधी आला असता?" ती म्हणाली, "राखीपौर्णिमेला माहेरी जाऊन आल्यावर." तोवर सगळं घडून गेलेलं असतं. म्हणूनच हे बोलणं दिवस राहायच्या आधीचं आहे. आणि या गोळीने कित्येकींची पाळीच मागेपुढे होते, त्यामुळे पाळी चुकल्याचं कळायलाही उशीर होतो.

नवऱ्याने विचारलं, "फॉलिक ॲसिड घेतलं तर चालेल ना?" हा प्रश्न दर वेळी येतो. उत्तर सरळ द्या: "फॉलिक ॲसिड घ्यायचंच आहे, पण या गोळीचा धोका त्याने निघून जात नाही." डोस कमी केला तर? जोखीम डोसप्रमाणे कमी-जास्त होते हे खरं. यूरॅप नोंदवहीच्या 2018 च्या निष्कर्षांत दिवसाला 650 मिलिग्रॅमपर्यंत शंभरात सहा, 1450 च्या वर शंभरात पंचवीस. पण सहा म्हणजेही नेहमीच्या दुप्पट. निर्धास्त राहावं असा डोस नाही.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी, आणि तिच्याकडून परत वदवून घ्यायचं: "घाबरून घरी जाऊन गोळी एकदम बंद करायची नाही." गोळी अचानक तोडली की उन्माद उसळतो. उन्मादात झोप नाही, जेवण नाही, आणि नको तेव्हा गर्भधारणाही होते. बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे. गरोदरपणात औषध पूर्ण बंद ठेवलेल्यांत तीनपैकी दोघींना तेव्हा आजार उलटल्याचं अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे "बाळासाठी सगळीच औषधं बंद" हा सल्ला आपण देत नाही. गोळी बदलायची, उपचार तोडायचे नाहीत.

कशावर बदलायचं, हे आजाराच्या तोंडवळ्यावर. हिला दोन्ही वेळा उन्माद झाला, नैराश्य नावापुरतं. लॅमोट्रिजिन गरोदरपणात तुलनेने चांगलं, पण उन्माद रोखायला ते तोकडं, म्हणून हिच्यासाठी नाही. लिथियमने हृदयाच्या व्यंगाची जोखीम थोडी वाढते, डोस जास्त तर अधिक, आणि गरोदरपणात रक्तातली पातळी सतत बघावी लागते. हिचं गाव तालुक्यापासून बावीस किलोमीटर, तिथे हे निभणार नाही. कार्बामाझेपिन पर्याय म्हणून सुचवूच नका, मणक्याची जोखीम त्यातही आहे. आम्ही क्वेटियापिनवर आलो. वजन आणि साखर वाढते, तेही तिला सांगितलं.

गर्भनिरोधनाचं बोलताना "काळजी घ्या" एवढं म्हणून सोडू नका. निरोध ते वापरतात, "बहुतेक वेळा." हे पुरेसं नाही. अंतरा इंजेक्शन चांगलं आहे, पण बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात आणि हिला पुढच्या वर्षी मूल हवंय. तांबी हवी तेव्हा काढता येते. पाळीचा नववा दिवस होता, बाराव्या दिवसापर्यंत ती सहज बसवता येते, म्हणून चिठ्ठी देऊन न थांबता सिस्टरांसोबत तिला त्याच वेळी स्त्रीरोग ओपीडीत पाठवलं. अशा चिठ्ठ्या पर्समध्ये पडून राहतात.

नोंद मात्र मराठीत लिहायची. निदान आणि औषधं नेहमीच्या पद्धतीने लिहा, पण समुपदेशनाचा भाग असा लिहा की तिला वाचून दाखवता येईल. "व्हॅल्प्रोएटबद्दल समजावले" या दोन शब्दांवरून काय सांगितलं हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही, आणि तिलाही आठवत नाही. या केसची नोंद:

"दि. 9 जुलै 2025. वय 24, विवाहित, मूल नाही. बायपोलर टाइप 1, उन्मादाचे दोन झटके (नोव्हेंबर 2021, जानेवारी 2023, दुसऱ्यात तीन आठवडे भरती). डायव्हालप्रोएक्स 1000 मिलिग्रॅम रात्री, अडीच वर्षे स्थिर. शेवटची पाळी 1 जुलै. निश्चय किटवर चाचणी निगेटिव्ह. पुढील वर्षी मूल हवे आहे. रुग्णाशी तिच्या संमतीने पतीसमोर बोललो. सासूला आजाराची माहिती देऊ नये असे रुग्णाने सांगितले. सांगितलेले मुद्दे: जन्मजात व्यंग शंभरात साधारण 11 (एरवी 2 ते 3), विकासातील अडचणी शंभरात 30 ते 40, धोका पाळी चुकल्याचे कळण्याआधीच सुरू होतो, फॉलिक ॲसिडने तो जात नाही, गोळी स्वतःहून बंद करू नये. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगितले: 'तांबी बसवायची, गोळी हळूहळू बदलायची, मधेच तोडायची नाही, पाळी चुकली तर दुसऱ्याच दिवशी यायचं.' निर्णयक्षमता शाबूत. लिथियम, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन यांवर चर्चा, रुग्णाची पसंती क्वेटियापिन. वजन, रक्तदाब, उपाशीपोटी साखर व लिपिड तपासणी आज. क्वेटियापिन 50 मिलिग्रॅमपासून सुरू, दोन आठवड्यांत 300 पर्यंत. डायव्हालप्रोएक्स 23 जुलैपासून 750, 6 ऑगस्टपासून 500, 20 ऑगस्टपासून 250, 3 सप्टेंबरला बंद. तांबी आज स्त्रीरोग विभागात बसवली. गर्भचाचणी 30 जुलैला पुन्हा. तांबी काढण्याचा विचार डिसेंबरमध्ये, तोवर मन स्थिर राहिल्यास. काढण्याआधी फॉलिक ॲसिड सुरू करणे. झोप दोन रात्री चार तासांखाली आल्यास पतीने लगेच आणावे. रात्रीबेरात्री टेलि-मानस 14416. नोंद वाचून दाखवली, प्रत दिली."

लग्न न झालेल्या मुलीचीही नोंद हवी. "अजून लग्न कुठे झालंय" म्हणून हे बोलणं पुढे ढकलू नका. लग्न ठरल्यावर ती ओपीडीत येणंच थांबते, कारण गोळ्या सासरी दिसायला नकोत. एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या केसपेपरवर मी एवढंच लिहिलं: "पहिला उन्माद. मूल होण्याचे वय असल्याने व्हॅल्प्रोएट दिले नाही, कारण रुग्णास व आईस सांगितले. ओलान्झापिन सुरू. पुढे कुणीही व्हॅल्प्रोएट लिहून दिल्यास हा कागद दाखवावा."

आणि जिला आधीच दिवस गेलेत ती आली तर? चेहरा शांत ठेवा. "तुमची काहीही चूक नाही, तुम्ही वेळेत आलात" हे पहिलं वाक्य. पाडायचं की ठेवायचं हे आपण सुचवायचं नाही, माहिती पूर्ण द्यायची. मागच्या महिन्यातल्या तशा एका केसची नोंद:

"वय 29, दुसरे गरोदरपण, 7 आठवडे, नियोजित नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट 800 मिलिग्रॅम चालू असताना गर्भधारणा. आजच्या आज वरिष्ठांशी व स्त्रीरोगतज्ज्ञांशी चर्चा. मणक्याच्या नळीचा काळ उलटला आहे, तरी मेंदूच्या वाढीवरील परिणाम पुढेही चालू राहतो, म्हणून आताही बदलण्याचा उपयोग आहे, हे सांगितले. देखरेखीखाली ओलान्झापिनवर बदल सुरू, घरी एकटे ठेवू नये. फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम. 11 ते 13 आठवड्यांना पहिली व 18 ते 20 आठवड्यांना व्यंगतपासणीची सोनोग्राफी. सोनोग्राफी चांगली आली तरी बुद्धीच्या व वाढीच्या अडचणी त्यात कळत नाहीत, हे स्पष्ट केले. गर्भपाताचा कायदेशीर पर्याय व 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, ही माहिती दिली. रुग्णाने गर्भ ठेवण्याचे स्वतः ठरवले. कुणीही दबाव आणलेला नाही. पुढील भेट एक आठवड्याने, आशाताईंना रुग्णाच्या परवानगीने कळवले."