ताटाखालचा लाल ठिपका

नमस्कार मंडळी, बसा बसा, मागच्यांनी पुढं या, माझा आवाज लहान आहे आणि माईक आज मंडळाच्या पोरांनी दिलेला नाही. मला इथल्या निम्म्या बायका ओळखतात, मी पाटील गल्लीच्या मागच्या बाजूला राहते, १४ वर्षं कांडी मशीनवर काम केलंय. आशाताईंनी सांगितलं २४ मार्च आहे, क्षयरोग दिन, तुम्ही बोला. मी म्हटलं मी काय डॉक्टर आहे का. तर त्या म्हणाल्या तुम्हाला झाला होता ना टीबी, मग तेच सांगा. तर तेच सांगते.

खोकला सुरू झाला तो दिवाळीच्या आधी. आता इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात काम करणारी बाई खोकली तर कोण लक्ष देतंय, कापसाची धूळ नाकातोंडात जातेच. मीपण तेच म्हटलं, धूळ आहे. मग मेडिकलमधून कफ सिरप आणलं, एक बाटली संपली, दुसरी आणली. सासूबाईंनी हळद घालून दूध दिलं, अडुळशाचा काढा दिला. खोकला थोडा कमी व्हायचा की परत. संध्याकाळी पाच-सहा वाजले की अंगात कणकण, हातपाय मोडून यायचे, आणि सकाळी एकदम ठीक, त्यामुळं दवाखान्यात जायचं मनातच यायचं नाही. रात्री घामानं उशी ओली. ब्लाऊज सैल व्हायला लागले तर शेजारीण म्हणाली, काय गं डाएट करतीस का, मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

हे सगळं तीन महिने चाललं. एक दिवस बेसिनमध्ये थुंकले तर लाल दोरा दिसला, तेव्हा घाबरले आणि गेले.

आता नीट ऐका, रक्त पडायची वाट बघायची नाही. रक्त सगळ्यांना पडत पण नाही. दोन आठवडे खोकला आहे, बास, थुंकी तपासायची. धूळ असू दे, तंबाखू असू दे, बिडी असू दे, सवयीचा खोकला असू दे. सोबत संध्याकाळचा ताप, भूक मेलेली, वजन उतरतंय, रात्री घाम, छातीत दुखतंय, यातलं काही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. ज्यांना शुगर आहे, एचआयव्ही आहे, जे लई दारू पितात, ज्यांच्या घरात आधी कुणाला टीबी झालाय त्यांनी तर अजून सावध. आणि टीबी फक्त फुप्फुसाला होतो असं नाही हं, नखं आणि केस सोडले तर कुठंही होतो. मानेला गाठ येते, मणक्याला होतो, बायकांना गर्भपिशवीला होतो आणि दिवस का राहत नाहीत म्हणून नवस करत बसतात. हा छातीबाहेरचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही.

तपासणीचं सांगते कारण त्यातच घोळ होतो. डबी देतात, त्यात लाळ थुंकून चालत नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, बाहेर मोकळ्या हवेत जायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि पोटापासून खोकून घट्ट बेडका काढायचा. मी पहिल्यांदा नुसती लाळ दिली होती, लॅबवाल्यानं परत पाठवलं, मला इतकी लाज वाटली, भरल्या डबीकडं बघायला पण नको वाटायचं. पण त्यांना रोजचंच आहे ते. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, गोळ्या फुकट. ट्रूनॅट म्हणून मशीन असतं, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं, त्यात नेहमीचं औषध लागू पडेल का तेपण कळतं.

आता ताटाचं सांगते, ज्यासाठी मी खरं आले.

गोळ्या सुरू झाल्या त्याच दिवशी घरात माझं ताट वेगळं झालं. कुणी काही बोललं नाही. फक्त माझ्या ताटाच्या, वाटीच्या, तांब्याच्या खाली लाल नेलपेंटचा ठिपका आला. माझीच नेलपेंट, नणंदेच्या लग्नात आणलेली. लेकीला सांगितलं आईजवळ झोपायचं नाही. मी रोज भांडी घासताना तो ठिपका बघायचे.

आता गंमत बघा. टीबी भांड्यानं पसरतच नाही. कपड्यानं नाही, हात लावल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. तो हवेतून पसरतो, फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो तेव्हा. म्हणजे ज्या तीन महिन्यात मी खोकत होते, खिडक्या लावून सगळे एका खोलीत झोपत होतो, कारखान्यात दहा बायका बाजूला होत्या, तेव्हा खरा धोका होता, आणि तेव्हा मी सगळ्यांच्या ताटात जेवत होते. औषध सुरू झाल्यावर बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यात संसर्ग पसरायचा जवळजवळ थांबतो, आणि तेव्हा आम्ही ठिपका लावला! तेवढे सुरुवातीचे दिवस तोंडाला रुमाल, खिडकी उघडी आणि झोपायला जरा लांब, एवढंच पुरतं. नेलपेंटचा काही उपयोग नाही.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्या मावशीला गोठ्यात ठेवलेलं, ती तिथंच गेली, त्यांनी जे बघितलं ते केलं. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८७ साली याच आजारानं गेल्या, वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं, स्वतः डॉक्टर असून, कारण तेव्हा औषधच नव्हतं. आता सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत. साध्या टीबीला तेवढ्या पुरतात, पण रोज आणि पूर्ण.

इथं एक मेख आहे. दोन महिन्यात इतकं बरं वाटतं, वजन वाढतं, की माणूस गोळ्या सोडतो. मग उरलेले जंतू चिवट होतात, त्याच गोळ्यांना दाद देत नाहीत, आणि मग औषध अजून अवघड. लघवी लाल-केशरी झाली तर घाबरू नका, गोळीचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टर. आणि बायकांनो, हे कुणी उघड सांगत नाही म्हणून मी सांगते, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असाल तर टीबीच्या औषधानं त्यांचा असर कमी होतो, दुसरं साधन विचारून घ्या.

खाण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते. अंडी, शेंगदाणे, डाळ आणा त्यातून, मोबाईलचं रिचार्ज नको. घरातल्या बाकीच्यांची पण तपासणी करून प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात, माझ्या लेकीला दिल्या होत्या.

काय म्हणालात काकू? हो, लग्नाचं. पोरीला टीबी झाला तर स्थळं येत नाहीत म्हणून लपवतात, गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवतात, मग सासरी गेल्यावर खायला जमत नाही आणि बंद पडतात. पोराला झाला तर मात्र "जरा अशक्तपणा आहे". आधी कोर्स पूर्ण करा, मग खुशाल लग्न करा, पोरंबाळं होतात सगळं होतं.

बरं, आशाताई त्या टेबलावर बसल्यात, डब्या तिथंच आहेत. सगळ्यांसमोर घ्यायची नसेल तर मला संध्याकाळी सांगा, मी घरी आणून देईन, मी कुणाला सांगत नाही. आणि चहा आलाय, कप कमी आहेत, धुऊन धुऊन घ्या, माझा झाला की हाच कप घ्या कुणीतरी.