आजीसाठी इंडक्शन शेगडीचे कार्ड: चहा आणि सांबारवडी

(ओट्याच्या भिंतीवर, बटणांच्या उजव्या बाजूला लावावे.)

भांडे. ज्याच्या बुडाला चुंबक चिकटते आणि ज्याचे बूड सपाट आहे, तेच भांडे या शेगडीवर तापते. त्यामुळे तुझे पितळी पातेले आणि गोल बुडाची ॲल्युमिनियमची कढई गॅसवरच वापरावी. शेगडीसाठीचे चहाचे पातेले व जाड बुडाची स्टीलची कढई खालच्या फळीवर ठेवली आहे.

सुरू करणे. भिंतीवरचा मोठा स्विच लावावा, भांडे काचेच्या मधोमध ठेवावे, चालू-बंदचे बटण दाबावे आणि अधिक-उणेच्या बटणांनी आकडा ठरवावा. पदार्थांची चित्रे असलेली बटणे तूर्त वापरू नयेत, कारण त्यांत आच शेगडी स्वतः ठरवते आणि ती आपल्या अंदाजाशी जुळत नाही.

चहा, दोन कप. दीड कप पाणी, साखर, चहापत्ती आणि ठेचलेले आले घालून आकडा 1000 वर ठेवावा. तीन-चार मिनिटांत उकळी येते. मग अर्धा कप दूध घालून आकडा 500 वर आणावा आणि रंग येईपर्यंत उकळू द्यावे. चहा वर येऊ लागला की उणेचे बटण दाबावे, आणि तरी थांबला नाही तर पातेले सरळ उचलावे. तेव्हा शेगडी टूं-टूं करते, त्याने घाबरू नये, ती फक्त भांडे मागत असते.

सांबारवडी तळणे. सारण आणि पारी तुझ्या हातचीच, त्यात मी काय सांगणार? तेल मात्र कढईच्या निम्म्यापेक्षा कमी घ्यावे आणि 1000 वर तापवावे. येथे जाळ दिसत नाही आणि तेल गॅसपेक्षा लवकर तापते, म्हणून पाच मिनिटेसुद्धा देवघरात किंवा दाराशी जाऊ नये. पारीचा चिमूटभर तुकडा तेलात सोडून पाहावा: तो बुडबुड्यांसह सावकाश वर आला तर तेल तयार आहे, आणि लगेच वर येऊन काळवंडला तर आकडा 500 वर आणून थोडे थांबावे. एका वेळी तीनच वड्या सोडाव्यात व आकडा 800 वर ठेवावा, म्हणजे पारी आतपर्यंत खुसखुशीत होते. 1200 वर ती बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहते. प्रत्येक घाण्यानंतर तेल पुन्हा तापू द्यावे. तेलातून धूर निघाला तर शेगडी लगेच बंद करावी आणि कढई हलवू नये. तेलाने पेट घेतलाच, तर तिच्यावर झाकण ठेवावे, पाणी कदापि ओतू नये.

नंतर. बटण बंद केल्यावरही आतला पंखा थोडा वेळ फिरतो; तो थांबल्यावरच भिंतीवरचा स्विच बंद करावा. भांड्याच्या उष्णतेने काचही बराच वेळ चटका देते, त्यामुळे ती गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावी.