सायलीचं वेळापत्रक: 27 ऑक्टोबर ते 5 डिसेंबर

सायली, भाऊबीजेला आपण तुझे तिन्ही प्रिलिमचे पेपर पुढ्यात घेऊन बसलो होतो, त्यावरून हे बनवलंय. कपाटाच्या दाराला आतून चिकटव. पेपर 1, 3 आणि 5 डिसेंबरला आहेत, म्हणजे सोमवारी मिडवायफरी, बुधवारी कम्युनिटी, शुक्रवारी रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. पहिल्या पेपरपर्यंत बरोबर 35 दिवस मिळतात.

तू पुस्तक पहिल्या धड्यापासून लावतेस. मीही तेच केलं होतं. पीपीएचला पोचले तेव्हा परीक्षा तीन दिवसांवर आली होती, आणि व्हायव्हाला नेमका त्यावरच प्रश्न आला. उत्तर वाचलेलं होतं, पण तोंडात येईना. म्हणून या वेळापत्रकात सगळ्यात कच्चे विषय सगळ्यात आधी घेतलेत. आज शिकलेलं दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि 28 दिवसांनी पुन्हा आठवून बघायचं असेल, तर ते विषय पहिल्याच आठवड्यात सुरू झाले पाहिजेत. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू केलेल्या विषयाला एवढ्या फेऱ्या मिळतच नाहीत.

पहिला आठवडा: लाल विषय (रोज एकच, पण दोन तास)

सोम 27: एक्लॅम्पशिया आणि मॅगसल्फ. पुन्हा: 28, 30 ऑक्टोबर, 3, 10, 24 नोव्हेंबर
मंगळ 28: पार्टोग्राफ. पुन्हा: 29, 31 ऑक्टोबर, 4, 11, 25 नोव्हेंबर
बुध 29: पीपीएच. पुन्हा: 30 ऑक्टोबर, 1, 5, 12, 26 नोव्हेंबर
गुरु 30: लसीकरणाचं वेळापत्रक. पुन्हा: 31 ऑक्टोबर, 2, 6, 13, 27 नोव्हेंबर
शुक्र 31: सरासरी, मध्यक, एसडी. पुन्हा: 1, 3, 7, 14, 28 नोव्हेंबर
शनि 1: आयएमआर, एमएमआर आणि बाकीचे दर. पुन्हा: 2, 4, 8, 15, 29 नोव्हेंबर
रवि 2: नवीन काही नाही. गुरुवारचं आणि शनिवारचं आठवून झालं की झोप काढ.

सोमवारचे दोन तास कसे घालवायचे ते सविस्तर लिहिते, बाकीचे दिवस तसेच. पहिला पाऊण तास वाच. मग पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर प्रिचर्ड रेजिमेन लिही: शिरेतून 4 ग्रॅम, म्हणजे 50 टक्क्यांच्या ॲम्प्युलमधलं 8 मिली अधिक 12 मिली सलाईन, सावकाश, लगेच दोन्ही नितंबांत 5-5 ग्रॅम खोल आयएम, मग दर 4 तासांनी बाजू बदलत 5 ग्रॅम, प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, जे नंतर होईल तिथून, 24 तासांपर्यंत. प्रिलिममध्ये तू डोस बरोबर लिहिलास आणि पुढचा डोस देण्याआधी काय तपासायचं ते सोडून दिलंस. मार्क तिथेच गेले, आणि वॉर्डात बाईचा जीवही तिथेच धोक्यात येतो. म्हणून पहिलं कार्ड त्याचंच कर.

पुढची बाजू: मॅगसल्फचा पुढचा डोस देण्याआधी काय बघशील?
मागची बाजू: गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे. श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त. लघवी गेल्या 4 तासांत ताशी किमान 30 मिली. कॅल्शियम ग्लुकोनेट 10 टक्के, 10 मिली, हाताशी.

एका कार्डावर एकच प्रश्न. अख्खं टिपण कार्डावर उतरवलंस तर तू ते वाचत बसशील, आठवणार नाहीस. जाड कार्डं अप्पा बळवंत चौकात गठ्ठ्याने मिळतात, दोन गठ्ठे पुरतील. मागची बाजू उलटायच्या आधी उत्तर मोठ्याने म्हण. चुकलं की ते कार्ड दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात, मग ते कितीही जुनं असो.

पार्टोग्राफ वाचून येत नाही, काढावा लागतो. रोज एक कोरा तक्ता आख. उदाहरण देते: सकाळी 10 वाजता 4 सेंमी, दुपारी 2 वाजता 6 सेंमी. अलर्ट लाइन ताशी 1 सेंमीने चढते, म्हणजे 2 वाजता 8 हवे होते. तुझा बिंदू अलर्टच्या उजवीकडे आणि ॲक्शनच्या अलीकडे पडला पाहिजे. डब्ल्यूएचओच्या 2020 च्या लेबर केअर गाईडमध्ये ॲक्टिव्ह फेज 5 सेंमीपासून धरतात. प्रश्नात कोणता तक्ता विचारलाय ते आधी बघ.

लसीकरणात तू 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसी सारख्याच लिहितेस. 10 आठवड्यांना पीसीव्ही नाही आणि एफआयपीव्हीही नाही. त्या दिवशी ओपीव्ही, पेंटा आणि रोटा एवढंच. याचं वेगळं कार्ड कर. दरांमध्ये छेदाकडे लक्ष दे: आयएमआर दर हजार जिवंत जन्मांमागे, एमएमआर दर लाख जिवंत जन्मांमागे.

दुसरा आठवडा: पिवळे विषय (दीड तास)

3 ते 8 नोव्हेंबर, सोमवारपासून क्रमाने: प्रसूतीच्या अवस्था, एएनसी तपासणी, नवजात बाळाची काळजी, प्युरपेरियम, उपकेंद्र आणि पीएचसीची रचना, सॅम्पलिंग. प्रत्येक विषय दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. 9 तारखेचा रविवार राखीव.

या आठवड्यात तुझी दुपारची पोस्टिंग आहे, म्हणून नवीन विषय सकाळी 8 ते 9:30, जुनी कार्डं 10 ते 11, आणि रात्री आल्यावर फक्त दहा मिनिटं. थकून आल्यावर नवीन धडा उघडू नकोस.

तिसरा आठवडा: हिरवे विषय (रोज दोन, मिळून सव्वा तास)

10 ते 15 नोव्हेंबर: संसर्गजन्य आजार, कुटुंबनियोजन, गृहभेट, रिसर्चच्या पायऱ्या आणि तुला येणारं बाकीचं सगळं. हे आठवड्याने एकदा आणि 24 च्या आठवड्यात एकदा, बस. हे तुला आवडतं म्हणून इथे रेंगाळशील, मला माहीत आहे. उरलेला वेळ लाल कार्डांना दे.

चौथा आठवडा, 17 ते 22: लिहिणं

मंगळवार, गुरुवार, शनिवार जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, पूर्ण 3 तास. खोलीत गप्पा होतात, त्यामुळे सदाशिव पेठेतली एखादी अभ्यासिका महिन्याभरासाठी घे, पैसे मी देते. दुसऱ्या दिवशी चुकलेल्या प्रश्नांची नवी कार्डं. हिरव्या विषयांची फेरी सकाळी चालू राहील.

पाचवा आठवडा, 24 ते 29

नवीन काहीही नाही. फेऱ्यांचे दिवस असे बसवलेत की सोमवारी सुरू केलेले लाल, पिवळे आणि हिरवे विषय सोमवारी 24 तारखेलाच एकत्र येतात, मंगळवारचे मंगळवारी, असं शनिवारपर्यंत. 30 ला फक्त मिडवायफरीची चुकणारी कार्डं, 2 डिसेंबरला कम्युनिटी, 4 ला रिसर्च.

सकाळची पोस्टिंग असेल तो दिवस

5:30 ते 6:30 कार्डं. 4 ते 6 नवीन विषय, मधे चहा. 7:30 ते 8:30 एक मोठं उत्तर लिहून काढायचं. 9:30 ला पुस्तक न उघडता दिवसाचा विषय दहा मिनिटं आठवायचा. 10:30 ला झोप. झोप कापून अभ्यास वाढवू नकोस.

एखादा दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. बुडालेला नवीन विषय रविवारी जाईल. कार्डं मात्र त्याच रात्री कर, पंधरा मिनिटांत होतील तेवढीच, आणि आधी लाल.

माझी या महिन्यात नाईट आहे. दुपारी 3 नंतर फोन कर, एसडीचं गणित सोडवून फोटो पाठव. पहिलं हे घे: हिमोग्लोबिन 9, 10, 11, 12, 13. सरासरी 11, फरकांच्या वर्गांची बेरीज 10, नमुना आहे म्हणून 4 ने भाग, वर्गमूळ 1.58. आता 8, 10, 11, 12, 14 चं तू काढ.

ताई