वडपुऱ्याचं वाचनालय: एक वाटा गावाचा, दोन वाटे आपले

नमस्कार मंडळी,

वाघोडिया तालुक्यातल्या वडपुरा गावात वाचनालय सुरू करतोय. खर्च २,७०,००० रुपये. त्यातले ९०,००० गावाने मागच्या कापसाच्या हंगामानंतर जमवले आणि बँकेत भरलेसुद्धा. उरलेले १,८०,००० आपल्याकडे मागायला आलोय. मुदत ३१ जानेवारी.

हे पान मुळात गुजरातीत लिहिलं. रावपुरा, दांडिया बाजार आणि तिथून पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांसाठी हे मराठीत, आणि परदेशातल्या मुला-नातवंडांसाठी इंग्रजीत. तिन्ही पानांवर आकडे एकच आहेत. इंग्रजी पानावर डॉलरचा हिशेब मुद्दामच दिलेला नाही, त्याचं कारण शेवटी आहे.

एक वाटा गावाचा, हे आम्ही ठरवलेलं नाही

बडोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण पुण्यात वाढलेल्या भाच्यांसाठी सांगते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही. म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून त्यांनी गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवली. गावाने वर्गणी जमवायची, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. ज्या गावात वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवायच्या. वर्गणी गावाने आधी काढायची, ही त्यातली खरी मेख. स्वतःचा पैसा घातला की माणूस कुलूप लागू देत नाही.

आम्ही तोच हिशेब धरलाय, फक्त सरकार आणि पंचायतीच्या जागी आपण आहात. गावात १४० उंबरे. कुणी ५० रुपये दिले, कुणी ५,०००. वर्गणीची वही कुणालाही बघायला मिळेल.

आज काय आहे

गावातल्या एका सुनेने, बारावी झालेल्या, स्वतःच्या ओसरीवर पत्र्याच्या ट्रंकेत १२० पुस्तकं ठेवली आहेत. संध्याकाळी दूध मंडळीत, म्हणजे गावच्या दूध सोसायटीत, बायका बरण्या घेऊन रांगेत उभ्या असतात, तेव्हा त्यांची पोरं ओसरीवर येऊन बसतात. देवाणघेवाणीची वही नीट आहे: तारीख, नाव, पुस्तक, सही, आणि शेवटच्या रकान्यात पुस्तक कसं परत आलं ते. ‘हळदीचा डाग’, ‘कोपरा वासराने चावला’, ‘दोन वेळा वाचलं म्हणते’. ती वही वाचूनच आम्ही या कामात पडलो.

मंडळीने नवी इमारत बांधली, तेव्हा तिची जुनी खोली गावाने वाचनालयासाठी दिली. भिंती चांगल्या आहेत, छप्पर गळतं.

पैसा कुठे जाणार

- छप्पर, गिलावा, रंग: ३८,०००
- वायरिंग, दोन पंखे, दिवे: १४,०००
- पाच लोखंडी कपाटं, प्रत्येकी ८,४००: ४२,०००
- टेबलं, बाक, सतरंज्या: १८,०००
- सुमारे ६०० पुस्तकं, सरासरी ९० रुपये: ५४,०००
- ग्रंथपालाचं मानधन, महिना ३,५०० प्रमाणे २४ महिने: ८४,०००
- दाखलनोंद, वह्या, शिक्के, चिठ्ठ्या: ४,०००
- देणगीदारांच्या भेटी आणि टपाल: ७,०००
- या पानाचं शुल्क, १,८०,००० वर ३ टक्के: ५,४००
- किरकोळ, भाव वरखाली झाले तर: ३,६००

सगळ्यात मोठा आकडा मानधनाचा आहे, आणि त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न येतात. ‘सेवाभावाने कुणी बसणार नाही का?’ बसेल, लग्नसराई येईपर्यंत. इमारत, पाटी, फीत सगळं झाल्यावर किल्ली कुणाकडे हेच माहीत नाही म्हणून बंद पडलेली वाचनालयं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ट्रंक सांभाळणारी तीच सून रोज ५ ते ८ बसणार आहे. तिला पगार म्हणावा इतकं आम्ही देत नाही, पण फुकटही राबवणार नाही.

पुस्तकं बहुतेक गुजराती घेऊ, कारण मुलं गुजराती शाळेत जातात. मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं सगळ्यात जास्त, मग गोष्टी, शेती, आणि तलाटी व पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी एक कपाट. घरातली जुनी पुस्तकं कृपया पाठवू नका. भावना कळते, पण वीस वर्षांपूर्वीची इंजिनिअरिंगची गाईडं वडपुऱ्यात कुणी वाचणार नाही, आणि रद्दीवाल्याकडे आम्हाला न्यावी लागतील.

रक्कम कमी पडली तर? १,२०,००० च्या आत राहिली तर सगळे पैसे परत. त्याच्या वर पण पूर्ण नाही, असं झालं तर कपाटं पाचाऐवजी दोन घेऊ आणि बाक सोडून देऊ. छप्पर, पुस्तकं आणि मानधन यांना कात्री लागणार नाही.

आपल्याला काय मिळेल

५०० रुपये दिलेत तर दाखलनोंदीत एका पुस्तकासमोर आपलं नाव, आणि ते पुस्तक पहिल्यांदा नेणाऱ्या मुलाच्या हातचं पोस्टकार्ड. अक्षर आणि शुद्धलेखन जसं असेल तसं येईल, आम्ही दुरुस्त करणार नाही.

१,५०० ला आपण सांगाल त्या नावाची चिठ्ठी तीन पुस्तकांच्या आतल्या पानावर. आई-वडिलांच्या स्मरणार्थ बरेच जण विचारतात, त्यांनी मजकूर दोन ओळींत द्यावा.

५,००० ला एका कपाटाचा एक खण आपल्या नावे, आणि त्यातली पुस्तकं किती वेळा बाहेर गेली त्याचा सहा महिन्यांनी हिशेब.

१५,००० देणाऱ्यांना हिवाळ्यातल्या एका रविवारी वडपुऱ्याला जेवायला बोलावू: बाजरीचा रोटला, रिंगणनो ओळो, गूळ, ताक. येताना वाटेत मांडवीची सेंट्रल लायब्ररी दाखवू. अशा दहाच जागा आहेत. गाडीभाडं ज्याचं त्याने.

भिंतीवर संगमरवरी पाटी कुणाचीही लागणार नाही, रक्कम कितीही असो.

देण्याआधी हे वाचा

खातं दोघांच्या सहीचं आहे, शाळेच्या शिक्षिका आणि दूध मंडळीचे सचिव. दर तीन महिन्यांनी बिलांचे फोटो याच पानावर टाकू. आमची नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळे ८०जी ची पावती मिळणार नाही. आयकरात सूट हवी असेल तर आमच्याकडे ती सोय नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

परदेशातल्यांसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत देता येईल. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तो पैसा कायद्याने विदेशी देणगी ठरतो आणि तो घेण्याची परवानगी आमच्याकडे नाही. आपल्याऐवजी दुसऱ्याच्या नावे पाठवू नका, परत करावा लागेल.

दोन वर्षांनंतर काय, हाही प्रश्न येतो. घरटी महिना १० रुपये धरले तर १,४०० जमतात, मंडळीने महिना १,००० कबूल केलेत. मानधनाला अजून १,१०० कमी पडतात. ते कुठून आणायचे हे जुळलेलं नाही. एखाद्या घराने वर्षाचे १३,२०० उचलायचे ठरवले तर पैसे आत्ता भरू नका, फक्त खालच्या चौकटीत तसं लिहून ठेवा.